बाळाची डीसीटी एका ठिकाणी निगेटिव्ह, दुसऱ्या ठिकाणी वीक पॉझिटिव्ह, खरं कोणतं धरायचं?

प्रशांत_इंदिरानगर – मंगळवार, रात्री 11:52

नमस्कार मंडळी, रविवारी पहाटे चारला आम्हाला मुलगी झाली, पहिलंच बाळ, 38 आठवडे पूर्ण, वजन 2.9 किलो, सगळं नॉर्मल. पण रविवारी रात्रीच सिस्टरला बाळाचा चेहरा पिवळा वाटला, रक्त घेतलं तर बिलिरुबिन 9.8. तेव्हा बाळ वीस तासांचंही नव्हतं. लगेच निळ्या लाइटखाली ठेवलं, सोमवारी संध्याकाळी 13.1, आज सकाळी 14.2 आणि आत्ता रात्री 13.6.

माझा प्रश्न असा आहे की डिलिव्हरीच्या वेळी नाळेतलं रक्त घेऊन तिथल्याच लॅबमध्ये डायरेक्ट कूम्ब्स टेस्ट म्हणजे डीसीटी केली होती, तिचा रिपोर्ट निगेटिव्ह. मग सोमवारी डॉक्टरांनी बाळाचं नवीन सॅम्पल ब्लड बँकेत पाठवलं तर तिथून 1+ वीक पॉझिटिव्ह आली. बायको ओ पॉझिटिव्ह, मी बी पॉझिटिव्ह, बाळ बी पॉझिटिव्ह. दोघंही पॉझिटिव्ह असताना ब्लड ग्रुपचं भांडण कसं काय होतं ते पण समजत नाही. डॉक्टर सांगतात पण राउंडला दोन मिनिटं मिळतात आणि मी अंबडला शिफ्टला असतो, बायको एकटी काय काय विचारणार. मी सीएनसीवाला माणूस, आमच्याकडे एकच जॉब दोन गेजने वेगळा आला तर आधी गेज तपासतात. इथं गेज कोणतं चुकलं?

वंदना_मेरी – बुधवार, सकाळी 6:20

प्रशांतदादा आधी अभिनंदन, लक्ष्मी आली. मिसेसना 28 व्या आठवड्यात अँटी डीचं इंजेक्शन दिलं होतं का? माझ्या वेळी दिलेलं, मी ए निगेटिव्ह आहे. डिलिव्हरीनंतर 72 तासांच्या आत परत एक घ्यायचं असतं ते चुकवू नका, आजच विचारा, आणि मिसेसची कूम्ब्स प्रेग्नन्सीत किती वेळा केली होती तेही बघा.

गणेश_डीएमएलटी – बुधवार, सकाळी 8:05

ताई, पेशंट ओ पॉझिटिव्ह आहे, अँटी डीचा इथं संबंधच नाही. आणि तुम्ही म्हणताय ती आईची इनडायरेक्ट, ही बाळाची डायरेक्ट.

दादा, मी डीएमएलटी सेकंड इयरला आहे. आमच्या सरांनी सांगितल्याप्रमाणे आई ओ आणि बाळ ए किंवा बी असेल तर एबीओ इनकम्पॅटिबिलिटी होते, आरएच लागतच नाही त्याला. पण पहिली टेस्ट नाळेच्या रक्ताची निगेटिव्ह आहे ना, म्हणजे जन्मताना बाळाच्या पेशींवर अँटिबॉडी नव्हती. डीसीटी निगेटिव्ह म्हणजे हिमोलिसिस, लाल पेशींचं फुटणं, इम्यून नाही, मग ती साधी कावीळ. दुसऱ्या ठिकाणची 1+ फॉल्स पॉझिटिव्ह असणार, जेल कार्डमध्ये येतं असं कधीकधी.

सुलभामावशी_पंचवटी – बुधवार, सकाळी 8:40

बाळा घाबरू नकोस, आमच्या चारही पोरांना कावीळ झाली होती, सकाळच्या कोवळ्या उन्हात गच्चीवर घेऊन बसायचे मी. आत्ता थंडीचे दिवस आहेत, ऊन छान असतं, घरी आणलं की रोज अर्धा तास ठेवा.

लालपेशी – बुधवार, दुपारी 1:15

नाईट ड्यूटीहून आलो, आत्ता वाचतोय. मी सतरा वर्षं ब्लड बँकेत टेबलावर आहे, नाशिकमध्येच, कुठं ते विचारू नका.

गणेश, एबीओ बरोबर ओळखलंस, पण पुढचं वाक्य काढून टाक डोक्यातून. डीसीटी निगेटिव्ह म्हणजे इम्यून नाही, हे आरएचच्या केसमध्ये बऱ्यापैकी चालतं, एबीओमध्ये चालत नाही. ओ आईच्या बाळाला खरंखुरं एबीओ हिमोलिसिस चालू असताना डीसीटी वीक येणं किंवा निगेटिव्ह येणं हे रोजचं आहे. आणि वीस तासांच्या आत बाळ पिवळं झालं तर ती साधी कावीळ धरतच नाहीत, ते डॉक्टर जास्त नीट सांगतील.

प्रशांतभाऊ, तुमचा गेजचा प्रश्न एकदम बरोबर आहे, म्हणून सविस्तर लिहितो. आईची आयजीजी अँटिबॉडी वारेतून बाळात उतरते आणि बाळाच्या लाल पेशींवर जाऊन बसते. बसली तरी नुसत्या डोळ्यांनी काही दिसत नाही, कारण लाल पेशींवर निगेटिव्ह चार्ज असतो, त्या एकमेकींपासून लांब राहतात आणि आयजीजी एवढी आखूड की एका पेशीवरून दुसऱ्या पेशीपर्यंत तिचा हात सहसा पोचत नाही. आयजीएम मोठी असते, तिचा हात पोचतो आणि गुठळी होते, पण ती वारेतून जातच नाही. म्हणजे जी बाळाला त्रास देते नेमकी तीच दिसत नाही, ही अडचण.

1945 साली केंब्रिजच्या रॉबिन कूम्ब्सनी मूरांट आणि रेस यांच्याबरोबर याच्यावर तोड काढली. सशाला माणसाचं ग्लोब्युलिन टोचलं, सशाच्या अंगात त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार झाली, आणि ती वापरली. अँटिबॉडीची अँटिबॉडी. असं धरा की आईच्या आयजीजीने दोन्ही हातांनी बाळाची पेशी पकडलीय आणि तिचं शेपूट बाहेर लोंबतंय. आपण जे कूम्ब्स सिरम घालतो ते ही शेपटं पकडतं, एका हातात या पेशीवरचं शेपूट, दुसऱ्या हातात शेजारच्या पेशीवरचं. पेशी एकमेकींना बांधल्या जातात, गुठळी होते, ती आपल्याला दिसते. बास, टेस्ट एवढीच आहे. डायरेक्ट म्हणायचं कारण अँटिबॉडी आधीच अंगात असताना पेशीवर बसलेली आहे, आपण नळीत काही बसवत नाही.

आता यात गेज कुठं चुकतं. शेपटं फक्त पेशीवर बसलेल्या आयजीजीलाच नसतात, बाळाच्या प्लाझ्मात जी मोकळी आयजीजी फिरत असते तिलाही तीच शेपटं. कूम्ब्स सिरम आधी त्या मोकळ्या शेपटांना धरून बसलं तर त्याचे हात भरले, पेशीपर्यंत काही उरलंच नाही, रिपोर्ट निगेटिव्ह. म्हणून पेशी सलाइनने धुवायच्या, निदान तीनदा, नाळेचं रक्त असेल तर मी पाच-सहा वेळा धुतो. प्रत्येक वेळी नळी काठोकाठ भरायची, फिरवायची, सलाइन पूर्ण ओतायचं, शेवटचा थेंबसुद्धा टिपकागदावर टिपायचा. घाईत दोन धुण्यात उरकलं, थोडं सलाइन नळीत राहिलं, की वीक टेस्ट गेली म्हणून समजा. स्ट्राँग 4+ तरीसुद्धा दिसेल, पण 1+ दिसणार नाही. तुमच्या बाळाची 1+ च आहे.

प्रशांत_इंदिरानगर – बुधवार, दुपारी 2:02

दादा तुम्ही जे शेपटाचं सांगितलंत ते बायकोला वाचून दाखवलं, पहिल्यांदा आम्हाला दोघांना समजलं की नक्की काय चाललंय. मग पहिल्या लॅबने धुतलं की नाही हे कळायला काही मार्ग असतो का? रिपोर्टवर फक्त "डायरेक्ट कूम्ब्स – निगेटिव्ह" एवढंच आहे.

लालपेशी – बुधवार, दुपारी 2:30

असतो, पण तो त्या वेळेलाच असतो, आता नाही. निगेटिव्ह आलेल्या प्रत्येक नळीत नंतर चेक सेल्सचा एक थेंब टाकायचा. त्या ओ ग्रुपच्या पेशी असतात, मुद्दाम आयजीजी लावून ठेवलेल्या. नळीत कूम्ब्स सिरम अजून मोकळं असेल तर या पेशी लगेच बांधल्या जातात, गुठळी दिसते, म्हणजे तुमचं निगेटिव्ह खरं निगेटिव्ह. चेक सेल्स टाकूनही गुठळी नाही झाली तर सिरमचे हात आधीच भरले होते, टेस्ट बाद, परत धुवून पहिल्यापासून करायची. बऱ्याच छोट्या ठिकाणी चेक सेल्स ठेवतच नाहीत, हे मी पोटतिडकीने सांगतोय. तुम्ही जाऊन विचारलंत तर हो टाकले होते म्हणतील, रजिस्टरला लिहिलेलं असेल तर धरा.

दुसरं म्हणजे वाचायची पद्धत. सिरम टाकलं की लगेच फिरवायचं, हजार आरपीएमला एक मिनिट, आणि लगेच वाचायचं. नळीच्या बुडाला पेशींचं लाल बटण बसतं. नळी आडवी करून अगदी हळू हलवायची आणि बटण कसं सुटतं ते लाइटवर बघायचं. धूर उठावा तसं सगळं एकसारखं उठलं तर निगेटिव्ह. काठ खरबरीत दिसले, बारीक कण कण होऊन सुटलं तर वीक पॉझिटिव्ह. नळी जोरात झटकली तर ते कण मोडतात आणि तुम्ही निगेटिव्ह लिहून मोकळे. सिरम टाकून नळी रॅकला ठेवून चहाला गेलात तरी तेच. आमच्याकडे नवीन मुलगा आला की मी त्याला आठवडाभर नुसतं बटण सोडवायला लावतो.

गणेश_डीएमएलटी – बुधवार, दुपारी 3:10

सर मग जेल कार्डमध्ये तर वॉशिंगच नसतं, तिथं कूम्ब्स सिरम जेलमध्येच असतं, मग तिथं प्लाझ्माने का नाही बिघडत? आणि नाळेच्या रक्ताने फॉल्स पॉझिटिव्ह पण येतं ना, व्हार्टन जेलीमुळे? मग दुसरी टेस्ट फॉल्स पॉझिटिव्ह हे माझं म्हणणं का चूक?

लालपेशी – बुधवार, दुपारी 3:45

चांगला प्रश्न आहे. जेलमध्ये पेशी जड असतात म्हणून फिरवल्यावर खाली जेलमध्ये उतरतात आणि प्लाझ्मा वरच राहतो, त्यामुळं शेपटांची गर्दी खाली पोचत नाही. आणि गुठळी जेलमध्ये जिथल्या तिथं अडकून बसते, हलवून मोडायचा प्रश्नच नाही, म्हणून 1+ जेलमध्ये नळीपेक्षा सहज पकडली जाते. म्हणजे असंही असू शकतं की पहिल्या लॅबने काही चूक केलेलीच नाही, नळीत ती तेवढ्यावर दिसलीच नसेल.

व्हार्टन जेलीचं तू बरोबर बोललास पण उलट्या सॅम्पलला लावलंस. नाळ कापून पिळून रक्त घेतलं की नाळेतला तो चिकट गर रक्तात येतो आणि पेशी नुसत्या चिकटतात, अँटिबॉडी नसताना. तो प्रॉब्लेम नाळेच्या रक्ताचा, आणि इथं नाळेचं तर निगेटिव्ह आलंय. ब्लड बँकेचं सॅम्पल बाळाच्या शिरेतलं आहे. शिवाय चिकटण्याचा प्रकार असेल तर कंट्रोलमध्येसुद्धा गुठळी दिसते, जिथं कूम्ब्स सिरम नसतंच. प्रशांतभाऊ, रिपोर्टवर कंट्रोल निगेटिव्ह असं काही लिहिलंय का बघा.

प्रशांत_इंदिरानगर – बुधवार, संध्याकाळी 6:48

हो लिहिलंय, डीएटी अँटी आयजीजी 1+, अँटी सी3डी निगेटिव्ह, कंट्रोल निगेटिव्ह. डीएटी म्हणजे डीसीटीच ना?

आणि आज अजून एक कागद मिळाला, एल्युशन स्टडी. त्यात असं आहे की एल्युएट बी सेल्स 2+, ए सेल्स 1+, ओ सेल्स निगेटिव्ह, लास्ट वॉश निगेटिव्ह. आता बाळ तर बी आहे, मग ए सेल्सबरोबर का आलं? ग्रुपच चुकला की काय या विचाराने दुपारपासून जिवाला घोर लागलाय. बिलिरुबिन आज 12.1 आहे.

लालपेशी – बुधवार, रात्री 9:20

डीएटी म्हणजे तेच, नवीन नाव. ग्रुप चुकलेला नाही, शांत झोपा. उलट हा कागद सगळ्यात चांगला आहे, तुमच्या ब्लड बँकेने मन लावून काम केलंय.

डीएटी पॉझिटिव्ह एवढंच सांगते की पेशीवर काहीतरी बसलंय. कोण बसलंय ते सांगत नाही. ते कळायला त्या बसलेल्या अँटिबॉडीला पेशीवरून सोडवायचं, त्यालाच एल्युशन म्हणतात. एबीओसाठी आम्ही फ्रीझ करून करतो. बाळाच्या धुतलेल्या पेशीत थोडं सलाइन, नळी आडवी धरून फिरवत राहायची म्हणजे पेशींचा पातळ थर आतल्या भिंतीवर बसतो, तशीच डीप फ्रीझरमध्ये दहा मिनिटं, आणि मग बाहेर काढून झटकन कोमट पाण्याच्या धारेखाली. पेशी फुटतात, अँटिबॉडी सुटते, फिरवून वरचं जे चेरीसारखं लाल पाणी येतं ते एल्युएट. ते ए, बी आणि ओ अशा तिन्ही पेशींवर टाकून बघायचं. त्याच्या शेजारी शेवटच्या धुण्याचं सलाइनही लावायचं. ते निगेटिव्ह आलं की खात्री पटते की एल्युएटमधली अँटिबॉडी पेशीवरूनच आली, न धुतलेल्या प्लाझ्मातून नाही. तुमच्या कागदावरचा "लास्ट वॉश निगेटिव्ह" म्हणजे तेच.

ओ निगेटिव्ह आहे म्हणजे जी अँटिबॉडी आहे ती एबीओचीच, सी, केल वगैरे दुसऱ्या कुठल्या ग्रुपची असती तर ओ पेशींवर पण दिसली असती, त्या ओ पेशींवर तो अँटिजेन असला तर. आणि ए पेशींबरोबर आली त्याचं कारण तुमच्या मिसेस ओ ग्रुपच्या आहेत. ओ माणसाच्या रक्तात अँटी ए आणि अँटी बी अशा दोन वेगळ्या अँटिबॉडी असतातच, पण त्याशिवाय एक अँटी ए,बी म्हणून असते, तीच एक दोघांनाही धरते. ती बाळाच्या बी वर बसली होती, आम्ही सोडवली, मग समोर ए आली तर तिलाही धरते. ही अँटिबॉडी ओ आयांमध्ये मोठ्या प्रमाणात आयजीजी स्वरूपात असते, म्हणूनच हा आजार जवळपास ओ आईच्याच बाळांमध्ये दिसतो. ए आईच्या रक्तातली अँटी बी बहुतेक आयजीएम, ती वारेपाशीच थांबते.

तुमच्या पहिल्या पोस्टमधलं "दोघंही पॉझिटिव्ह असताना कसं" याचंही उत्तर यातच आहे. अँटी डी तयार व्हायला आधी कधीतरी पॉझिटिव्ह रक्ताशी गाठ पडावी लागते, म्हणून आरएचमध्ये पहिलं बाळ बहुतेक सुटतं. अँटी ए आणि अँटी बी ओ माणसाच्या रक्तात लहानपणापासूनच असतात, म्हणून एबीओमध्ये पहिल्या बाळालाही होतं.

वंदना_मेरी – बुधवार, रात्री 10:05

माझा गैरसमज झाला होता दादा, माफ करा, मी पॉझिटिव्ह-निगेटिव्ह एवढंच वाचलं. पण माझाही एक प्रश्न तीन वर्षांपासून मनात आहे. मुलाच्या वेळी मी 28 व्या आठवड्यात इंजेक्शन घेतलं होतं, प्रेग्नन्सीत आधीच्या सगळ्या कूम्ब्स निगेटिव्ह होत्या, तरी मुलगा जन्मला तेव्हा त्याची डीसीटी वीक पॉझिटिव्ह आली. तिथल्या एकांनी तोंडावर सांगितलं की तुम्ही इंजेक्शन उशिरा घेतलं म्हणून बाळाला झालं. मी बाळंतिणीच्या खाटेवर रडत होते. मुलाला काहीच झालं नाही, कावीळ पण नाही. मग ती टेस्ट चुकीची होती का?

बालरोग_निफाड – बुधवार, रात्री 11:30

वंदनाताई, टेस्ट बरोबर होती, तुम्हाला जे बोललं गेलं ते चुकीचं होतं. इंजेक्शन म्हणजे काय, तीच अँटी डी, आयजीजी स्वरूपातली, सहसा 300 मायक्रोग्रॅम. ती तुमच्या अंगातून वारेतून बाळात जाते आणि बाळाच्या पॉझिटिव्ह पेशींवर बसते. लालपेशी म्हणतात ती शेपटं तिलाही आहेतच, कूम्ब्स सिरमला कुठलं शेपूट तुमच्या अंगात तयार झालं आणि कुठलं बाटलीतून आलं हे कळत नाही. प्रमाण इतकं कमी असतं की पेशी फुटत नाहीत. म्हणून आम्ही अशा बाळाचं हिमोग्लोबिन, रेटिक म्हणजे नव्या लाल पेशींचं प्रमाण, आणि बिलिरुबिन बघतो, ते ठीक असेल तर फक्त वीक पॉझिटिव्ह डीसीटीसाठी काहीही करत नाही. तुम्ही वेळेवरच घेतलं होतं.

प्रशांत, मी निफाडला बालरोगतज्ज्ञ आहे. तुमच्या बाळाचं मी तपासलेलं नाही म्हणून उपचाराबद्दल काही बोलणार नाही, पण आकडे वाचून दोन गोष्टी सांगतो. जन्मानंतर 24 तासांच्या आत कावीळ दिसली की ती साधी धरत नाहीत, तुमच्या डॉक्टरांनी पहिल्या निगेटिव्ह रिपोर्टवर न थांबता परत सॅम्पल पाठवलं हे अगदी योग्य केलं. आणि हिमोग्लोबिन, रेटिक काय आलं ते सांगता आलं तर बघा, पेशी खरंच फुटतायत का हे त्यावरून कळतं.

सुलभामावशी, तुमचा जीव आहे म्हणून सांगताय हे समजतं. पण उन्हाची मात्रा मोजता येत नाही, आणि नाशिक-निफाडच्या या थंडीत उघडं बाळ गच्चीवर ठेवलं तर अंग गार पडतं. वर बिलिरुबिन वाढतंय का तेही घरी कळत नाही. अशा बाळासाठी मशीनचाच लाइट.

सुलभामावशी_पंचवटी – गुरुवार, सकाळी 7:15

बरं डॉक्टरसाहेब. आमच्या काळी दुसरा उपाय नव्हता. बाळाला आशीर्वाद.

दिंडोरीचा_रमेश – गुरुवार, सकाळी 9:50

आमच्या पुतण्याचं पण असंच झालं होतं, तिसऱ्या दिवशी एकदम पिवळाजर्द, बिलिरुबिन 21, रक्त बदलायची तयारी चालू केलेली. त्याची आई बी आणि तो पण बी, डीसीटी दोनदा केली दोनदा निगेटिव्ह. सगळे म्हणायचे लॅब चुकली. शेवटी जी6पीडी नावाच्या लाल पेशीतल्या एन्झाइमची टेस्ट केली त्यात ते कमी निघालं. मग डॉक्टरनी विचारलं की कपडे कुठले घातले, तर आईने म्हणजे माझ्या आईने जुन्या ट्रंकेतली झबली-टोपडी आणि दुपटी काढून थेट बाळाला घातलेली, डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. म्हणून म्हणतो प्रशांतभाऊ, ती पहिली टेस्ट निगेटिव्ह होती ना, जी6पीडी पण करून घ्या.

लालपेशी – गुरुवार, दुपारी 12:40

रमेशभाऊ, तुमची केस फार कामाची आहे. तिथं पेशी फुटत होत्या पण अँटिबॉडीमुळं नाही, पेशी आतूनच कच्ची होती आणि गोळ्यांच्या वाफेनं फुटली. पेशीवर आयजीजी नाही, म्हणजे शेपूट नाही, म्हणून डीसीटी खरोखरच निगेटिव्ह. लॅब चुकली नव्हती. आई आणि बाळ दोघंही बी असल्यामुळं एबीओचा प्रश्नही नव्हता. प्रशांतभाऊंच्या केसमध्ये मात्र एल्युएटने गुन्हेगार हातात दिलाय.

प्रशांत_इंदिरानगर – गुरुवार, दुपारी 1:25

डॉक्टर, हिमोग्लोबिन 15.1, रेटिक 9 टक्के, आणि स्मिअरवर "स्फेरोसाइट्स सीन" असं लिहिलंय. जी6पीडी पण केलंय, नॉर्मल आहे.

बालरोग_निफाड – गुरुवार, रात्री 10:50

हे सगळं एकमेकांशी जुळतंय. रेटिक वाढलेलं म्हणजे पेशी फुटतायत आणि शरीर नवीन बनवतंय. स्फेरोसाइट म्हणजे गोल गच्च झालेल्या पेशी, अँटिबॉडी बसलेल्या पेशीचा पडदा प्लीहेत थोडाथोडा कुरतडला जातो तेव्हा अशा होतात, एबीओमध्ये त्या ठळक दिसतात. हिमोग्लोबिन तरीही बरं आहे, एबीओमध्ये बहुतेक असंच असतं, कावीळ जास्त आणि ॲनिमिया कमी.

एका गोष्टीत माझं आणि लालपेशींचं थोडं वेगळं मत आहे. एल्युशन केलं ते चांगलं, पण त्याने माझा उपचार बदलत नाही. मी लाइट कधी लावायचा आणि कधी काढायचा ते बिलिरुबिनचा आकडा, बाळाचं तासांतलं वय आणि किती आठवड्यांचं आहे यावर ठरवतो. ओ आई, बी बाळ, पहिल्याच दिवशी कावीळ, रेटिक वाढलेलं, एवढं असलं की डीसीटी निगेटिव्ह असती तरी मी त्याला एबीओच धरलं असतं.

लालपेशी – शुक्रवार, पहाटे 5:35

डॉक्टर, तुमचं म्हणणं खाटेजवळ बरोबर आहे. पण ओ आईच्या बाळाला एबीओशिवाय दुसरी अँटिबॉडी नसते असं नाही. मी स्वतः एक केस बघितलीय, आई ओ पॉझिटिव्ह, बाळ ए पॉझिटिव्ह, सगळ्यांनी एबीओ समजून सोडून दिलं होतं आणि डीसीटी 3+ होती. एबीओमध्ये 3+ मला पटली नाही म्हणून एल्युशन केलं तर ओ पेशींवर पण पॉझिटिव्ह, पॅनेल लावल्यावर अँटी स्मॉल सी निघाली. त्या बाळाचं हिमोग्लोबिन पुढं तीन आठवडे खाली जात राहिलं, रक्त द्यावं लागलं, आणि ते स्मॉल सी निगेटिव्ह द्यावं लागलं. एल्युशन नसतं तर आम्ही कुठलंही ओ उचलून दिलं असतं. म्हणून डीसीटी आणि गोष्ट जुळत नसेल तेव्हा तरी एल्युशन व्हायलाच पाहिजे असं मला वाटतं.

बालरोग_निफाड – शुक्रवार, सकाळी 8:10

3+ असेल तर मान्य, तिथं मीही मागेन. पण प्रत्येक वीक पॉझिटिव्हला मागितलं तर तालुक्याच्या ठिकाणी सॅम्पल नाशिकला पाठवायचं, दिवस जातो आणि बाळाचं रक्त आणखी काढावं लागतं. त्यापेक्षा आईची इनडायरेक्ट कूम्ब्स आधी करून घेतलेली असली की बरंचसं काम होतं. त्या स्क्रीनिंगच्या पेशी ओ ग्रुपच्याच असतात, म्हणजे आईच्या अँटी ए, अँटी बी मध्ये येत नाहीत आणि स्मॉल सी सारखं काही असेल तर ते दिसतं. आणि ती ओ पॉझिटिव्ह आयांचीही करायला हवी, आपल्याकडे फक्त निगेटिव्हचीच करतात.

गणेश_डीएमएलटी – शुक्रवार, सकाळी 9:30

सर मला एक अजून पटत नाहीये. ए आणि बी अँटिजेन तर डी पेक्षा कितीतरी जास्त असतात पेशीवर. मग अँटिबॉडीला बसायला जागा जास्त, डीसीटी उलट स्ट्राँग यायला पाहिजे, वीक का?

लालपेशी – शुक्रवार, दुपारी 2:20

मोठ्या माणसाच्या पेशीवर जास्त असतात हे खरं. नवजात बाळाच्या पेशीवर ए आणि बी अजून पूर्ण तयार झालेले नसतात, कमी असतात आणि विरळ, त्यांच्या साखळ्यांना फांद्या फुटलेल्या नसतात. दुसरं, डी फक्त लाल पेशीवर असतो म्हणून अँटी डी सगळी तिथंच जाऊन बसते. ए आणि बी बाळाच्या बाकीच्या अवयवांवर असतात, प्लाझ्मात विरघळलेले पण असतात, आईची अँटिबॉडी तिकडं वाटली जाते, पेशीच्या वाट्याला थोडी येते. बाळ वाचतं ते यामुळंच आणि आपली टेस्ट वीक येते तीही यामुळंच. एवढ्या कमी अँटिबॉडीवर पेशी फुटतात कशा आणि काही बाळांना डीसीटी निगेटिव्ह असताना बिलिरुबिन 18-20 पर्यंत का जातं हे मात्र यातून सगळं उलगडत नाही, मला तरी नाही उलगडलेलं.

प्रशांत_इंदिरानगर – शनिवार, रात्री 8:15

काल लाइट काढला, आज सकाळी परत तपासलं, 10.4, वाढलं नाही म्हणून संध्याकाळी घरी सोडलं. पहिल्या लॅबला मी आज जाऊन शांतपणे विचारलं. टेक्निशियन मुलगी साधी होती, खरं सांगितलं, चेक सेल्स त्यांच्याकडे नाहीत, कूम्ब्स सिरमची बाटली आहे फक्त. आणि धुणं दोनदा केलं की तीनदा ते तिला आठवत नव्हतं, त्या पहाटे ती एकटी होती. मी काही बोललो नाही तिला. म्हणजे आमचा गेजचा प्रश्न तसाच राहिला, धुण्यात गेलं की नळीत दिसलंच नसतं ते कळणार नाही.

दुसऱ्या बाळाला असंच होईल का असं बायको विचारतेय, आत्तापासूनच.

बालरोग_निफाड – शनिवार, रात्री 10:40

पुढचं बाळ ओ आलं तर नाही. बी आलं तर होऊ शकतं, पण किती होईल ते आधी सांगता येत नाही, आरएचसारखं दर बाळंतपणाला वाढतच जातं असं एबीओमध्ये ठरलेलं नाही. त्या वेळी डॉक्टरांना जन्माआधीच हे सांगा म्हणजे पहिल्या दिवसापासून बिलिरुबिनवर लक्ष ठेवतील. आणि आत्ताच्या बाळाचं हिमोग्लोबिन दोन-तीन आठवड्यांनी नक्की बघा, लाइटने बिलिरुबिन उतरतं, पेशी फुटायची थांबत नाही. दूध नीट ओढत नसेल, फार झोपत असेल किंवा परत पिवळं दिसलं तर तोपर्यंत थांबू नका, लगेच दाखवा.

वंदना_मेरी – रविवार, सकाळी 7:00

डॉक्टर, तुमचं उत्तर मी मिस्टरांना आणि सासूबाईंना दोघांना वाचून दाखवलं. तीन वर्षं मनात होतं.

प्रशांत_इंदिरानगर – तीन आठवड्यांनी, सोमवार, संध्याकाळी 7:35

धागा वर काढतोय. आज हिमोग्लोबिन 11.4 आलं, रेटिक 2 टक्के, वजन 3.6 किलो. डॉक्टर म्हणाले अजून दोन आठवड्यांनी एकदा बघू. लालपेशी दादा, मी आज ब्लड बँकेत जाऊन रक्त देऊन आलो. तिथल्या दादांना म्हटलं डीएटी करताना बटण कसं सुटतं ते दाखवाल का, त्यांनी दोन नळ्या लाइटवर धरून दाखवल्या. एकीत खरंच धूर उठल्यासारखं होतं आणि दुसरीत बारीक कण.

लालपेशी – सोमवार, रात्री 9:05

रेटिक खाली आलंय म्हणजे फुटणं मंदावलंय, बाकी डॉक्टर सांगतील तसं. आणि जे कण बघितलेत तेवढेच तुमच्या बाळाच्या नळीत असणार, 1+ म्हणजे तेवढंच दिसतं.